मुलाखतीआधी प्रोफाइल पाहताना नाव कसं लपवावं?

प्रश्न : मॅडम, पुढच्या आठवड्यात माझी मुलाखत आहे. मुलाखत घेणाऱ्या तिघांची लिंक्डइन प्रोफाइल मला नीट वाचायची आहेत, पण मी सारखी डोकावतेय असं त्यांना वाटायला नको. मैत्रीण म्हणते, इनकॉग्निटो विंडोत उघडलं की नाव दिसत नाही. खरं आहे का?

उत्तर : नाही, आणि बरेच विद्यार्थी इथेच फसतात. इनकॉग्निटो विंडो फक्त तुझ्या ब्राउझरमधली हिस्टरी ठेवत नाही. त्या विंडोत तू स्वतःच्या खात्यात लॉगिन केलंस, की प्रोफाइल कोण पाहतंय हे लिंक्डइनला कळतंच आणि आपलं प्रोफाइल कोणी पाहिलं, याच्या समोरच्याला दिसणाऱ्या यादीत तुझं नाव जातं. लॉगिन न करता गेलीस, तर बहुतेक वेळा प्रोफाइलचा थोडाच भाग दिसतो.

नाव लपवायची सोय खात्याच्या आतच आहे. Settings & Privacy मध्ये Visibility उघड आणि तिथे Profile viewing options वर जा. तीन पर्याय दिसतील. पहिल्यात तुझं नाव आणि हेडलाइन जाते. तिसरा Private mode. तो निवडलास तर समोरच्याला कुणीतरी अनामिक सदस्य येऊन गेल्याचं कळतं, त्यापलीकडे काही नाही. त्यांनी प्रीमियमचे पैसे भरले असले तरी तुझं नाव उघड होत नाही.

मधला पर्याय मात्र तुझ्यासाठी कामाचा नाही. त्यात नाव जात नाही, पण 'अमुक कॉलेजची विद्यार्थिनी' अशा धर्तीची ओळख जाऊ शकते. समजा, त्या दिवशी मुलाखतीला येणाऱ्यांच्या यादीत तुझ्या कॉलेजची तू एकटीच आहेस. मग ती एक ओळ वाचून त्यांना तुझं नाव ओळखायला कितीसा वेळ लागणार?

मोफत खात्यावर याची किंमतही मोजावी लागते. नाव लपवलंस की तुझं प्रोफाइल कोणी पाहिलं ते तुलाही दिसत नाही आणि आधीची यादीही पुसली जाते. त्यामुळे सेटिंग बदलण्याआधी ती यादी उघडून बघ. एखाद्या रिक्रूटरचं नाव दिसलं तर टिपून ठेव. आणखी एक लक्षात ठेव : प्रायव्हेट मोड फक्त तुझी भेट झाकतो. वाचता वाचता एखाद्या पोस्टला लाइक दिलंस किंवा चुकून कनेक्टचं बटण दाबलं गेलं, तर तिथे तुझं नाव दिसणारच.

माझं मत विचारशील, तर मुलाखतीआधी एकदा नावानिशी प्रोफाइल पाहिल्याने तुझं काहीही बिघडत नाही. उमेदवार तयारी करून आलीय एवढंच त्यांना दिसतं. तुला पुन्हा पुन्हा जाऊन बारकाईने वाचायचं असेल, तर त्या दोन-चार दिवसांपुरता प्रायव्हेट मोड लाव. मुलाखत झाली की पहिला पर्याय परत निवड, कारण त्यानंतर कंपनीतलं कोण तुझं प्रोफाइल बघून गेलं, हे तुला कळायला हवं.