मानाचा घोट आणि सकाळची गोळी

ताई, मी तासगाव तालुक्यातला, वय 29, लग्नाला तीन महिने झाले. सासरचे लोक पलीकडच्या गावचे. पहिल्या आखाडाला मळ्यात मटणाचं जेवण असतं आणि नव्या जावयाने थोरल्या चुलत सासऱ्यांच्या हातून ग्लास घ्यायचा, मग बाकीच्यांनी उचलायचे, अशी त्यांच्या भावकीत रीत आहे. मी चौदा महिने दारूला शिवलेलो नाही. डॉक्टरांनी दिलेली डायसल्फिरमची गोळी रोज सकाळी घेतो. बायकोला सुपारीच्या आधीच सगळं सांगितलं होतं, सासऱ्यांना माहीत नाही. नकार दिला तर "पाव्हणं आमच्या पंगतीला कमी समजत्यात" असं होईल. जेवण बारा दिवसांवर आहे. चार दिवस आधी गोळी बंद करून एक घोट घेतला, दुसऱ्या दिवशी परत गोळी सुरू केली, तर चालेल का? मेव्हणा म्हणतो, "दाजी, एका घोटानं काय हुतंय?"
— एक जावई

जावईबापू, चालणार नाही. चार दिवस तर नाहीच, आणि आज हे वाचून लगेच गोळी बंद केलीत तरी बारा दिवस पुरणार नाहीत.

दारू पोटात गेली की यकृत ती दोन पायऱ्यांनी मोडतं. पहिल्या पायरीवर ॲसिटाल्डिहाइड नावाचं विषारी द्रव्य तयार होतं, आणि दुसऱ्या पायरीवर एक विकर ते लगेच निकामी करतं. तुमची गोळी या दुसऱ्या विकराला कुलूप लावते. ते कुलूप उघडत नाही, शरीराला नवं विकर घडवावं लागतं. म्हणून शेवटच्या गोळीनंतरही दोन आठवड्यांपर्यंत दारूशी झटापट होऊ शकते. ती कधी संपेल याचा अंदाज बाहेरून बघून कुणालाच करता येत नाही, तुम्हालाही नाही.

एका घोटानं काय होतं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. बरीच वर्षं झाली, माझ्या मावसभावाचं लग्न होतं. हळदीच्या रात्री मांडवामागे त्याच्या हातात स्टीलचा ग्लास दिला गेला. त्यानेही तुमच्यासारखाच हिशेब केला होता, पाच दिवस गोळी घेतली नव्हती. एकच घोट घेतला, तोही "मान राखायला". दहा-पंधरा मिनिटांत त्याचे कान लाल झाले, मग मान, मग डोळे. फेटा सैल करत तो खुर्चीवर बसला आणि छातीवर हात ठेवला. आतून कुणीतरी हातोडा मारतंय, असं नंतर सांगायचा. मग उलटी झाली. आणि आजूबाजूचे हसत होते! "नवरदेवाला एकाच घोटात चढली," म्हणून कुणीतरी त्याच्या हातात लिंबू दिलं आणि त्याला आंब्याखाली बाजेवर आडवं केलं. अर्धा तास असाच गेला. अंग घामाने थंड पडलं, हाक मारली तरी ओ देईना, तेव्हा गाडी काढली. कराडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कुठलं औषध चालू आहे?" तर कुणाला माहीतच नाही. धाकट्या भावाला माहीत होतं. तो गाडीत मागे बसला होता आणि घरची अब्रू जाईल म्हणून गप्प होता. शेवटी बोलला, म्हणून रक्तदाब का पडलाय ते कळलं. दोन दिवसांनी भाऊ उठून बसला. सगळ्यांच्या नशिबी असं दोन दिवसांनी उठणं नसतं. ज्याचं हृदय आधीच कमकुवत, त्याचा जीवही जातो.

म्हणून पहिलं काम आज रात्रीच करा. गोळीचं नाव आणि डॉक्टरांचा नंबर एका कागदावर लिहा आणि पाकिटात ठेवा. बायकोलाही सांगून ठेवा, की तोंड लाल होणं, धाप लागणं, छातीत दुखणं किंवा चक्कर येणं, यातलं काही दिसलं तर "चढली असेल" म्हणत बसायचं नाही. 108 ला फोन करायचा आणि गोळीचं नाव सांगायचं.

ही झाली विषाची गोष्ट. आता चार दिवसांची. गोळीचं खरं काम असं, की सकाळी सात वाजता एकदाच काय तो निर्णय होतो. गोळी घेतली की त्या दिवसापुरता प्रश्न मिटला, संध्याकाळी मनाशी भांडत बसावं लागत नाही. तुम्ही ज्या दिवशी ती बंद कराल, त्या दिवशी मळ्यातला घोट तुम्ही मनातल्या मनात घेऊन टाकलेला असेल. मग मधल्या एखाद्या संध्याकाळी तासगावातून येताना गाडी कुठे थांबेल, हे मी सांगू शकत नाही. तुम्ही सांगू शकता, म्हणूनच मला लिहिलंत ना? गोळीत काहीही फेरफार करायचा असेल तर आधी डॉक्टरांकडे जायचं. मेव्हण्याचं डॉक्टरी ज्ञान बाजूला ठेवा.

आता रीत. हे ग्लासाचं प्रकरण मला अनोळखी नाही. आमच्याकडेही थोरला माणूस आधी दोन थेंब जमिनीवर सोडतो, मगच तोंडाला लावतो. दुसऱ्या कुणी नुसतं "आवडत नाही" म्हणून लिहिलं असतं तर मी सांगितलं असतं, की ग्लास हातात घ्या, बांधावर धार सोडा आणि तो आदराने थोरल्यांच्या हातात परत द्या, मान राहतो. तुम्हाला मात्र हे सांगणार नाही. चौदा महिन्यांनी तो वास नाकाजवळ आणि ग्लासाचा गारवा बोटांना, एवढी परीक्षा कशाला द्यायची? ग्लास तुमच्या हातात यायलाच नको. आणि तो येऊ न देणं मळ्यात, पन्नास माणसांसमोर, रस्सा उकळत असताना जमणार नाही. तो निर्णय आधी, सासऱ्यांच्या पडवीत व्हायला हवा.

येत्या रविवारी दिवसाउजेडी बायकोला घेऊन सासऱ्यांकडे जा. फोनवर नको. सासूबाईही समोर असू द्यात. "पोट बिघडलंय" किंवा "उपास आहे" असलं काही सांगू नका. पोट बरं होतं, उपास सुटतो, आणि पुढच्या आखाडाला ग्लास पुन्हा समोर येतो. माळ घालून आलो असंही सांगू नका. आपल्याकडे माळकऱ्याला कुणी आग्रह करत नाही, हे खरं आहे. पण ती माळ खरी असेल तरच घालायची वस्तू आहे, आणि आषाढात ती खोटी घालणं मला तरी पचत नाही. नीट सांगा: "मामा, मी पूर्वी प्यायचो. चौदा महिन्यांपूर्वी सोडली. रोज औषध घेतो, त्यावर दारूचा घोट गेला तर जिवावर बेततं. हिला लग्नाआधी सांगितलं होतं, तुम्हाला सांगायचं राहिलं, ती माझी चूक. मळ्यात मला तुमची मदत लागेल." शेवटचं वाक्य गाळू नका. ज्याच्याकडे मदत मागितली तो माणूस तुमच्या बाजूने उभा राहतो.

ते रागावतील, बहुतेक. "आधी का नाही सांगितलं" हा राग रास्त आहे, तो ऐकून घ्या. त्या वेळी बायकोने बोललं तर बरं: "बाबा, मला ठाऊक होतं. मीच पारखून हो म्हणाले." आणि सासूबाईंकडे बघा. सातारा-सांगलीच्या कितीतरी गावांत दारूचं दुकान बंद करायला बायका मतदानाला उभ्या राहिल्यात, मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली. दारू सोडलेला जावई ही त्यांच्या दृष्टीने नामुष्की नसते हो. माझा अंदाज आहे की घरातून पहिला पाठिंबा तिथूनच येईल.

थोरल्या चुलत सासऱ्यांशी बोलायचं काम सासऱ्यांवर सोडा. भावाने भावाला सांगितलेलं चालतं, जावयाने सांगितलं की ते शिकवणं होतं. त्यांना सगळा इतिहास कळायला हवाच असं नाही, "पाव्हण्यांचं औषध चालू आहे, ग्लास मी घेतो" एवढं पुरे. रीत मोडत नाही. जावयाच्या जागी सासऱ्याने ग्लास घेतला, बस. तुम्ही त्याच वेळी थोरल्यांच्या पाया पडा आणि पहिली वाढ तुमच्या हातून त्यांच्या ताटात पडू द्या. मानाची भूक बहुतेक एवढ्यावर भागते.

मळ्यात गेल्यावर दोन गोष्टी सांभाळा. ताक असो, थंडा असो, स्वतःच्या हाताने फोडलेली बाटली घ्या आणि ती खाली ठेवू नका. ठेवलीत तर ओतून द्या, दुसरी फोडा. गंमत म्हणून कोकमध्ये दोन झाकणं घालणारा एखादा मेव्हणा प्रत्येक भावकीत असतो, आणि तुमच्या मेव्हण्याचं वाक्य वाचून मला त्याचाच संशय येतोय. त्याला सासऱ्यांच्या देखत एकदा सांगून ठेवा, की यात गंमत नाही, पोलिसांपर्यंत जाण्यासारखं आहे. दुसरं, जेवण झाल्यावर कुणी पाचक म्हणून द्राक्षासव किंवा कसलंही अरिष्ट देऊ केलं तर नको म्हणा. ही औषधं आंबवून करतात, त्यात आपसूक तयार झालेला अल्कोहोल असतो आणि गोळीला तो औषधातून आलाय की बाटलीतून, हे कळत नाही. खोकल्याची काही औषधंही तशीच असतात, लेबल वाचत जा.

आणि इतकं करूनही एखादे आजोबा "येक घोट घ्या की, मानूस काय मरत न्हाई" म्हणून अडून बसलेच, तर हसून म्हणा, "आजोबा, माझ्याकडं परवाना न्हाई." आपल्या राज्यात दारू प्यायला कायद्याने परवाना लागतो, 1949 च्या दारूबंदी कायद्यापासून. तो तिथल्या एकाकडेही नसणार. पंगत हसेल, तेवढ्यात सासरे विषय बदलतील. नाही बदलला तर बायकोला खूण करा आणि रस्सा डब्यात भरून घरी जा. रस्सा सोडून येऊ नका, तो फार चांगला होतो त्या बाजूला.

रविवारी पडवीत काय झालं ते कळवा. सासरे काय म्हणाले, ते त्यांच्याच शब्दांत लिहा.