पिन घराची नको, फाटकाची पाठवा

घरात बसून पाहुण्याला ‘करंट लोकेशन’ पाठवू नका. छपराखाली जीपीएस भरकटतं, त्या निळ्या ठिपक्याभोवतीचं वर्तुळ मोठं दिसलं की समजायचं. त्यापेक्षा नकाशा सॅटेलाइटवर टाका, आपलं छप्पर शोधा आणि गाडी जिथून आत येते त्या फाटकावर बोट दाबून धरा. पिन पडेल, तीच शेअर करा.

खरी गंमत पुढे आहे. नकाशा पाहुण्याला पिनजवळच्या, नकाशाला ठाऊक असलेल्या रस्त्यावर नेऊन सोडतो. तुमची पायवाट नकाशाला माहीतच नसेल आणि घरामागून कालव्यापलीकडचा रस्ता जवळ असेल, तर पाहुणा पलीकडच्या काठावर उभा राहून तुम्हाला हाका मारणार! म्हणून पाठवण्याआधी दुसऱ्या फोनवर ती पिन उघडून मुख्य रस्त्यापासून मार्ग काढून बघा. निळी रेघ भलतीकडे संपली, तर डांबरी रस्ता सोडायच्या वळणावर दुसरी पिन टाका आणि सांगा, ‘आधी इथे या, मग उजवीकडे कच्च्या रस्त्याने.’

रेंज जात असेल तर पिनचे अक्षांश-रेखांशही साध्या मेसेजने पाठवा. दशांशानंतर पाच आकडे ठेवा, म्हणजे फरक मीटरभराचाच राहतो.