दहा मिनिटांचा चहा

अगं, पोरं झाल्यावर नवऱ्यासोबत वेळ कसा काढायचा विचारतेस ना, तर डेट नाईट वगैरे सध्या विसर, दोन लहान पोरं असताना रात्री साडेदहाला दोघंही मेलेले असतात आणि तेव्हा रोमान्स करायला गेलं की भांडणच होतं, आमचं तरी व्हायचं. आम्ही वेळच बदलली. सकाळी पावणेसहाला, पोरं उठायच्या आधी, गॅलरीत एकच मोठा कप चहा दोघांत. एकच, कारण दोन कप केले की नवरा आपला कप घेऊन मोबाईलवर जातो. दहा मिनिटं डबा, फी, डायपर, सासूबाई यातलं काही बोलायचं नाही. पहिला आठवडा आम्ही नुसते गप्प बसलो, विषयच सुचेना, पण खांद्याला खांदा लागलेला असायचा ना, तेवढं पुरलं. धाकटी रात्रभर जागली असेल तर सरळ सुट्टी, त्याचा हिशोब ठेवायचा नाही. आणि हो, 'आज डबा कोण भरणार' हे चहावर आलं की समज, ती मीटिंग झाली. मग नवरा कप माझ्याकडे सरकवतो, म्हणजे गप्प बस आणि पी.