पाइप वितळला की भोक मोकळं
अक्कलकोट रोडवरच्या त्या टॉवेल कारखान्यात गोदामाची भिंत दोन तास आग अडवणारी आहे, पण तिच्यातून चार इंची पीव्हीसी पाइप गेलाय. भोवतालची फट नुसत्या सिमेंटने बुजवून भागणार नाही. आगीत पाइप काही मिनिटांतच मऊ पडून वितळतो आणि अख्खं भोक मोकळं होतं. तापलेल्या हवेचा दाब गरम वायू त्यातून पलीकडे ढकलतो. तिकडच्या सुताला पेटायला तेवढं पुरे.

म्हणून भिंतीच्या दोन्ही बाजूंना पाइपभोवती फायर कॉलर, म्हणजे धातूचं कडं, लाव. त्यातला पट्टा उष्णतेने फुगून मऊ पाइप चेपतो आणि भोक बंद करतो. कॉलर लोखंडी अँकरनेच बसव; प्लॅस्टिकची गिट्टी वितळली की कॉलर खाली. आणि कुणीतरी मारलेला तो साधा पिवळा फोम खरवडून काढ, तो स्वतःच जळतो.