केंद्रीकरण की विकेंद्रीकरण?

"पणजीत मुख्य कार्यालय आणि म्हापसा, फोंडा, मडगाव इथे दुकाने, असे उदाहरण अभ्यासाला आहे. याला केंद्रीकरण म्हणायचे की विकेंद्रीकरण? दोन वर्गमित्रांचा छोटा संवाद देऊन सांगाल का?"

तन्वी : तीन शहरांत दुकाने, तिन्हींना वेगळा व्यवस्थापक. विकेंद्रीकरणच की रे!

साईश : दुकाने पांगली आहेत, अधिकार नव्हे. चतुर्थीची गर्दी ओसरल्यावर फोंड्यात केळी उरली, तर भाव कोण उतरवणार?

तन्वी : पणजीला विचारावे लागते.

साईश : तोवर केळी काळी पडणार. हे केंद्रीकरण नाही तर काय?

तन्वी : पण रोजची भाजी आणि फळे कुणाकडून, किती घ्यायची, ते व्यवस्थापकच ठरवतो. १०,००० रुपयांपर्यंत कुणाला विचारत नाही.

साईश : ती मालकाची मर्जी. उद्या काढून घेईल.

तन्वी : मर्जी नव्हे, लेखी नियम आहे, आणि तिन्ही दुकानांना सारखा. व्यवस्थापक बदलला तरी अधिकार त्या पदाकडेच राहतो.

साईश : मग खरेदीपुरते तुझे खरे. दरांच्या बाबतीत मात्र माझे.

साईशचे शेवटचे बोलणे बिनचूक आहे. केंद्रीकरण, विकेंद्रीकरण हे शब्द अख्ख्या व्यवसायाला चिकटवले की घोळ होतो. एकाच दुकानात खरेदीचा निर्णय खाली आणि दराचा वर असू शकतो. म्हणून उत्तरात 'हा व्यवसाय विकेंद्रित आहे' असे मोघम न लिहिता 'खरेदीच्या निर्णयांचे विकेंद्रीकरण, दरनिश्चितीचे केंद्रीकरण' असे लिहावे. फ्रेंच व्यवस्थापनतज्ज्ञ हेन्री फेयॉल यांनीही हा प्रमाणाचाच प्रश्न मानला होता : हाताखालच्या माणसाच्या भूमिकेचे महत्त्व वाढवते ते विकेंद्रीकरण, कमी करते ते केंद्रीकरण.

साईशची मर्जीची शंकाही रास्त आहे, कारण तिथे तिसरा शब्द येतो : अधिकारप्रदान. मालकाने फक्त मडगावच्या व्यवस्थापकाला 'या आठवड्यात भाव तूच ठरव' म्हटले, तर ते अधिकारप्रदान. ते दोन माणसांतले असते, सहज परत घेता येते आणि अंतिम जबाबदारी मालकावरच राहते. तीच मुभा धोरण म्हणून त्या पातळीवरच्या सगळ्या पदांना दिली, तर विकेंद्रीकरण. उदाहरण वाचताना हा अधिकार माणसाला दिला आहे की पदाला, एवढे शोधले तरी बहुतेक गोंधळ मिटतो. रकमेची मर्यादा घातली म्हणून विकेंद्रीकरण नाहीसे होत नाही. १०,००० ऐवजी ५०० रुपये असते, तर मात्र तन्वीचा मुद्दा लंगडा पडला असता, कारण तेवढ्यात दुकानाची रोजची खरेदी भागत नाही.

'सत्तेचे विकेंद्रीकरण' हा प्रयोग राज्यकारभारासाठी ठेवावा. ग्रामपंचायत आणि जिल्हा पंचायत अशी गोव्याची द्विस्तरीय रचना त्यात बसते. दुकान, बँक, कारखाना यांना 'अधिकारांचे विकेंद्रीकरण' शोभते. लिहिताना 'विकेंद्रीकरण'मधला 'री' दीर्घ, 'विकेंद्रित'मधला 'रि' ऱ्हस्व.