आधी मूठ सैल कर

भावा, बायकोसोबत करताना वीर्यपतन होतच नाही, हस्तमैथुनानेच होतं असं म्हणतोस, पण तुझ्या बायकोत काही कमी नाही आणि तुझ्यातही नाही. माझंही हेच होतं. लालबागची चाळ, बाहेर कोणीतरी बाथरूमचं दार वाजवतंय, मग कोरड्या हाताने, गच्च आवळून दोन मिनिटांत उरकायचं. पंधरा वर्षं तेच. शरीराला तेवढाच दाब आणि तोच वेग कळायला लागला, आणि योनीत तेवढा दाब नसतोच. लग्नानंतर अर्धा तास घाम गाळायचा आणि शेवट हातानेच.

आधी दोन आठवडे हात लावू नकोस. मग आठवड्यातून दोनदाच, मोबाइल लांब ठेवून, वॉटर-बेस्ड जेल लावून, अंगठा आणि दोन बोटांनी सावकाश. (खोबरेल नको, त्याने कंडोम फाटतो.) जवळ आल्यासारखं वाटलं की मूठ आपोआप आवळते. तिथेच थांब. त्या दिवशी नाही झालं तर राहू दे. माझं पहिल्या तीन वेळा झालंच नाही. बायकोला मात्र सांग, नाहीतर ती स्वतःलाच दोष देत बसते. मला अडीच महिने लागले.

डिप्रेशनच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचार, काही गोळ्यांनीही वीर्यपतन लांबतं. स्वतःहून बंद करू नकोस.