चुकेल असा अंदाज कर

अरे,

काल जेवणाच्या सुट्टीत तू फोन माझ्यापुढे सरकवलास आणि म्हणालास, "ताई, हे संभाषण इथे मेलं कसं, तेवढं सांगा." तेव्हा आजूबाजूला माणसं होती, म्हणून लिहितेय. शिवाय तोंडी सांगताना मी चिडते, हे तुला ठाऊक आहे.

चॅटवर त्या मुलीला तू विचारलंस, "तुझी रास कोणती?" ती म्हणाली, मेष. तू लिहिलंस, "बापरे, म्हणजे तापट!" तिने एक हसरा चेहरा पाठवला आणि विषय संपला. दुसऱ्या दिवशी तू तिला त्या सोळा प्रकारांच्या व्यक्तिमत्त्व चाचणीची लिंक पाठवलीस. साठेक प्रश्न! ऑफिसातून दमून आलेल्या मुलीला तू गृहपाठ दिलास. तरी बिचारीने तो केला आणि INFJ असं उत्तर कळवलं, तर तू त्या प्रकाराचं वर्णन कुठूनतरी उचलून अख्खा परिच्छेद चिकटवलास. मग तिने विचारलं, "तुझा विश्वास आहे ह्यावर?" त्यावर तू ज्योतिष कसं खोटं आहे ह्याचं व्याख्यान दिलंस. नारळीकर, दाभोलकर, सगळे आणलेस. त्यांच्या चाचणीत ज्योतिष्यांना हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका वेगळ्या ओळखता आल्या नाहीत, 46 टक्केच उत्तरं बरोबर आली, नाणं उडवलं असतं तरी तेवढी आलीच असती, हे सगळं खरं आहे. मीही तेच मानते. पण रात्री साडेदहाला तिने तुला हे विचारलं होतं का?

तुला खरा प्रश्न असा पडलाय की आपण मानत नाही त्या गोष्टीवर गप्पा मारणं म्हणजे लबाडी होते का. नाही होत. तिने विचारलं की एका ओळीत सांगायचं: "मानत नाही, पण तुझ्याबद्दल अंदाज बांधायला निमित्त बरं आहे." एवढं पुरतं. लबाडी तेव्हा होते, जेव्हा तू रास ऐकून माणूस कळल्यासारखं बोलतोस. "बापरे, तापट" हे तसलं बोलणं आहे. मेष म्हटल्यावर तिला शाळेपासून हेच ऐकावं लागलं असणार. त्यात ती कुठे आहे?

आता मुद्द्याचं सांगते आणि पुन्हा पुन्हा सांगणार आहे: चुकेल असा अंदाज कर.

फोरर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1948 मध्ये आपल्या 39 विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला 'तुझं व्यक्तिमत्त्व' म्हणून एक कागद दिला. कागद सगळ्यांना एकच. त्यातली वाक्यं त्याने फुटपाथवरच्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेली. आपण लोकांना आवडावं असं तुम्हाला वाटतं, कधी तुम्ही मनमोकळे असता तर कधी अबोल, अशा थाटाची. हे आपल्याला कितपत लागू पडतं त्याला पाचपैकी गुण द्या म्हटल्यावर पोरांनी सरासरी 4.26 दिले. त्याची सगळी युक्ती कशात होती? ती वाक्यं चुकूच शकत नव्हती. आणि तुझ्या चॅटमधलं बोलणं नेमकं त्याचमुळे मरतं. "तू वरून कणखर पण आतून हळवी आहेस" असं लिहिलंस, तर ती 'हो रे' म्हणेल. पुढे? 'हो' ला पुढे वाट नसते. "चूक! अजिबात नाही!" ह्याला असते. माणसाला आपल्याबद्दलची चूक दुरुस्त केल्याशिवाय राहवत नाही, आणि दुरुस्त करता करता तो स्वतःबद्दल सांगून जातो. थट्टा तिथे सुरू होते.

म्हणजे करायचं काय? तिने आधी सांगितलेली एखादी बारीकशी गोष्ट धरायची आणि तिच्यावरून रास ठरवायची. तू उलटं केलंस, रास विचारून तिच्यावरून मुलगी ठरवलीस. तुझ्याच चॅटमध्ये वर मी वाचलं, ऑफिसात ती स्वतःचा चमचा ड्रॉवरमध्ये कुलपात ठेवते. असं सोनं हातात असताना तू "बापरे, तापट" लिहितोस! रास विचारायच्या आधी तू हे लिहायला हवं होतंस:

"थांब, सांगू नकोस. कन्या रास. चमचा कुलपात ठेवणारी बाई दुसऱ्या राशीची असूच शकत नाही."

ती म्हणाली असती, "चूक, मेष." तू: "मेष? मेषेची माणसं चमचा कुलपात ठेवत नाहीत, चोराला शोधून काढतात." मग ती एक तर चोर कोण ते सांगेल, नाहीतर तुझी रास विचारून तुझ्यावर उलटेल. दोन्हीकडून तुझाच फायदा. बघ, तुझा पहिला अंदाज साफ चुकला आणि त्याच्याच जिवावर सगळं चाललंय. आता रास सोड. चार मेसेजांत तिचं काम झालं. पुढचा प्रश्न चमच्याच्या चोराबद्दलचा. तिथेही तू "मेषेचं कर्केशी जमतं का गं" करत बसलास, तर माझ्याकडे येऊ नकोस.

चाचणीचंही तसंच. दुसऱ्याची साठ प्रश्नांची लिंक नको, तीन प्रश्न तू स्वतः कर. रिक्षावाला रस्ता चुकला तर सांगतेस की गप्प बसून मीटर बघतेस? लग्नाच्या पंगतीत जिलबी आधी की मठ्ठा? कुणी फोन उचलला नाही तर परत लावतेस की रुसतेस? आधी स्वतःची उत्तरं दे, म्हणजे तिला चौकशी चालल्यासारखं वाटणार नाही. निकाल एका ओळीचा आणि पुन्हा तेच, चुकेल असा: "मीटर बघत गप्प बसणारी, म्हणजे भांडण मनात पूर्ण जिंकून घरी येणारी." तिला पटलं नाही तर ती भांडेल. भांडू दे.

रास विचारतानाही जरा डोकं वापर. आपल्याकडे बहुतेकांना दोन राशी असतात हे विसरू नकोस. इंग्रजी तारखेची सूर्यरास आणि पत्रिकेतली चंद्ररास. चंद्र एका राशीत सव्वादोन दिवस असतो, त्यामुळे तारखेच्या राशीवरून पत्रिकेतली कळत नाही. 5 जानेवारीला जन्मलेली मुलगी इंग्रजी मासिकात मकरेची, आपल्या पंचांगात तिचा सूर्य अजून धनूतच, कारण तो मकरेत जातो संक्रांतीला, आणि चंद्ररास तर बारापैकी कुठलीही. ह्यातली कुठली तुला बरी वाटते, असं विचारलंस तर दहा मिनिटं सहज जातात. मात्र जन्मवेळ आणि जन्मगाव विचारायचं नाही. ते विचारलंस की फ्लर्टिंग संपलं, स्थळ बघणं सुरू झालं. गुणमेलन, नाडी, मंगळ हे शब्द थट्टेतसुद्धा काढू नकोस.

इथे मला थोडं माझं सांगू दे. माझ्या वेळी पत्रव्यवहार असायचा. एक जण मला लिहायचा, माझ्या तूळ राशीवरून छेडायचा. साडी घ्यायला गेलीस तर दुकान बंद होईपर्यंत निवड होणार नाही वगैरे. मी चिडून चार पानं उत्तर पाठवायची. छान चाललं होतं. मग घरच्यांनी पत्रिका मागवल्या. 36 पैकी 26 गुण जुळले, पण एकनाड निघाली. त्याच्या घरचे नाही म्हणाले आणि तोही गप्प बसला. जो माणूस माझ्या राशीची इतकी मजेत टर उडवायचा, तो तीच रास पंचांगातून आल्यावर एक शब्द बोलला नाही. ह्याची हळहळ मला अजून वाटते, आणि राग त्याहून जास्त. तेव्हापासून मी ठरवलंय की राशी हसण्यावारीच न्यायच्या. लोक मला उथळ म्हणतात. म्हणू देत. ह्या विषयात गंभीर माणसांनी काय करून ठेवलंय ते मी पाहिलंय, त्यापेक्षा माझा उथळपणा बरा.

पण हसण्यावारी नेताना समोरची हसतेय का ते बघायचं. तिची पत्रिकेतली रासही मेष धरली, तर सध्या शनी मीनेत, म्हणजे पंचांगाप्रमाणे कुंभ, मीन आणि मेष ह्या तिघांना साडेसाती. ती कधी म्हणाली, "माझी साडेसाती चालू आहे ना," तर विनोद करू नकोस आणि फोररही काढू नकोस. आपल्याकडे माणूस साडेसाती म्हणतो तेव्हा बऱ्याचदा घरात कुणी आजारी असतं, नोकरीचं काही बिनसलेलं असतं. "काय झालं?" एवढंच विचार. तसंच, ती खरोखर रागावली असेल तेव्हा "मेषच ना तू शेवटी" हे वाक्य जिभेवर आलं तरी गिळून टाक. तिच्या रागाला कारण तू असशील, मंगळ नव्हे.

चालत नसेल तर कळतं कसं, असंही तू विचारलंस. दोनदा लागोपाठ तिने उलट प्रश्न केला नाही, नुसतं 'हाहा' आलं, की हा विषय त्या दिवसापुरता बंद. तिसरा अंदाज पाठवायचा नाही, कितीही सुचला तरी.

आता पुढे काय पाठवायचं ते सांगते, कारण तू पुन्हा मासिकातलं काहीतरी चिकटवशील अशी मला भीती आहे. नावरस नाव. बारशाला नक्षत्राच्या चरणावरून अक्षर काढून पत्रिकेत जे नाव घालतात आणि पुढे ज्याने कुणी हाक मारत नाही, ते. आश्लेषावाल्यांना डी, डू, डे, डो मिळतं, पूर्वाषाढावाल्यांना भू, धा, फा, ढा. ढा वरून भटजींनी काय काय नावं काढली असतील, विचार कर. मेषेत अश्विनी, भरणी आणि कृत्तिकेचा पहिला चरण, म्हणजे तिचं अक्षर चू, चे, चो, ला, ली, लू, ले, लो किंवा अ ह्यांतलं एक असणार. तू चू धर आणि बेधडक एखादं नाव ठोकून दे. बहुतेक चुकेल. ती खरं नाव सांगायला तयार झाली नाही, तर आईला विचारून तुझं आधी सांग.

तुझी,
ताई